कॉपी: केंद्राची, प्रश्नाची आणि वर्गाची

मराठीत ‘कॉपी’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मोज्यात किंवा कंपासपेटीत लपवून नेलेली चिठ्ठी म्हणजे कॉपी. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत डोकावून लिहिणे हीही कॉपीच. तिसरी ती, जिला वर्तमानपत्रे सामूहिक कॉपी म्हणतात. प्रश्नपत्रिका हातात पडल्यानंतर थोड्याच वेळात तिची उत्तरे साऱ्या वर्गापर्यंत पोचतात, आणि पुढचे दोन तास मुले ती उतरवून काढतात. पहिल्या दोन प्रकारांत मुलाचा स्वतःचा हात असतो. तिसरा प्रकार मोठ्या माणसांशिवाय घडूच शकत नाही, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेचे सर्वांत मोठे नुकसान तोच करतो. म्हणून कॉपी कशी कमी करायची हा प्रश्न मुलांच्या नीतिमत्तेपासून सुरू करण्यापेक्षा परीक्षा केंद्रापासून सुरू करणे बरे.

महाराष्ट्रात प्रश्नपत्रिकांची पाकिटे परिरक्षकाच्या ताब्यात असतात. परीक्षेच्या दिवशी सहायक परिरक्षक ती केंद्रावर आणतो, केंद्रसंचालक ती स्वीकारतो आणि पर्यवेक्षक वर्गात जाऊन विद्यार्थ्यांसमोर पाकीट फोडतो. या साखळीत पाकिटाला आधीच हात लागला, तर तो पेपर फुटल्याचा प्रकार. तो गाजतो, पण तुलनेने क्वचित घडतो. नेहमीची गळती पाकीट फुटल्यानंतर सुरू होते. कोणीतरी मोबाइलवर प्रश्नपत्रिकेचा फोटो काढतो. शाळेबाहेर, एखाद्या घरात किंवा झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे, विषय येणारा माणूस गाईड घेऊन बसलेला असतो. उत्तरे लहान अक्षरांत छापली जातात, त्यांना ‘मायक्रो झेरॉक्स’ म्हणतात, आणि पाण्याच्या बाटलीबरोबर, खिडकीतून किंवा शिपायाच्या हातून ती आत येतात. पेपर दोन-तीन तासांचा असल्याने या साऱ्याला भरपूर वेळ मिळतो. काही ठिकाणी एवढाही खटाटोप लागत नाही, कारण पर्यवेक्षकच वर्गात उत्तरे सांगतो. पूर्वी वाचनासाठी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी दिली जात असे. त्या दहा मिनिटांत ती बाहेर जाते असे आढळल्यामुळे राज्य मंडळाने २०२३ पासून ही सवलत बंद केली आणि तीच दहा मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून दिली. गळतीची जागा नेमकी ओळखून केलेला हा बदल लहान असला तरी शहाणपणाचा होता.

केंद्रावरची मोठी माणसे यात का पडतात याचे उत्तर पैसा एवढेच नाही. अनेक ठिकाणी पैशाचा संबंधही नसतो. गावातली एकच शाळा, तिचा निकाल पडला तर पुढच्या वर्षी मुले दुसरीकडे जाणार, पटसंख्या घटणार, तुकडी बंद होणार आणि शिक्षक अतिरिक्त ठरणार. कनिष्ठ महाविद्यालयांत तर ‘शंभर टक्के निकाल’ ही फलकावर रंगवण्याची गोष्ट आहे. ज्या आकड्यावरून शाळा जोखली जाते, तोच आकडा तयार करण्याचे काम त्याच शाळेच्या इमारतीत, तिच्याच किंवा शेजारच्या शाळेच्या माणसांकडे असते. हितसंबंधांचा असा गुंता कुठल्याही क्षेत्रात टिकाव धरत नाही. बँकेत रोखपालाने स्वतःचेच हिशेब तपासावेत असे कोणी सुचवणार नाही. यामुळेच पूर्वी गैरप्रकार उघडकीस आलेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांतले केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णय मंडळाने २०२५ च्या परीक्षेसाठी घेतला.

मुलाच्या बाजूने पाहिले तर कारण आणखी साधे आणि आणखी दुःखद असते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासले. जवळजवळ चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. अशा मुलाला दहावीच्या बाकावर बसवून चार-चार ओळींच्या उत्तरांची अपेक्षा केली, तर त्याच्यापुढे कोरा कागद किंवा चिठ्ठी असे दोनच पर्याय उरतात. तो आळशी आहे म्हणून चिठ्ठी नेत नाही. आठ-नऊ वर्षे मागे राहिलेले शिक्षण तीन तासांत झाकायचे असते, म्हणून नेतो. त्यात परीक्षा वर्षातून एकदाच आणि नापास झाले की वर्ष वाया, असा हिशेब असला की भीती तिप्पट होते. कोकणातली, विदर्भातली किंवा मराठवाड्यातली मुले स्वभावाने वेगळी नसतात. केंद्रे, शाळांची स्थिती आणि भीतीचे प्रमाण वेगळे असते.

बंदोबस्ताने कॉपी थांबते का? थांबते, आणि नांदेड जिल्ह्याने ते दाखवले. २०१० च्या परीक्षेत तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी तिथे जी मोहीम चालवली, ती पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. तिच्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठे पथक. भरारी पथक येते आणि जाते. ते रस्त्यावर दिसले की निरोप जातो, आणि ते निघून गेले की चिठ्ठ्या पुन्हा बाहेर येतात. बैठे पथक पेपर सुरू होण्याआधी येते आणि उत्तरपत्रिका बांधल्या जाईपर्यंत केंद्रावरच थांबते. त्यातली माणसे शिक्षण खात्याबाहेरची असली, तर केंद्राच्या निकालाशी त्यांचा काही संबंध राहत नाही. पहिल्याच वर्षी जिल्ह्याचा निकाल घसरला आणि आधीच्या निकालांत किती हवा भरलेली होती ते सर्वांना दिसले.

पण बंदोबस्त एकटा पुरत नाही. उत्तर प्रदेशात १९९२ साली कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवण्यात आला. मुलांना परीक्षेच्या वर्गातून थेट तुरुंगात नेले गेले. त्या वर्षी तिथल्या दहावीचा निकाल १५ टक्क्यांच्या आसपास आला. हा कायदा निवडणुकीचा मुद्दा बनला आणि सरकार बदलताच रद्द झाला. शिकवण्यात काहीच बदलले नव्हते, त्यामुळे कायद्याबरोबर कॉपीमुक्तीही गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तुरुंगात टाकण्यात शिक्षणाचे कुठलेही हित नव्हते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. संसदेने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध जो कायदा केला, त्याचा रोख परीक्षार्थींवर नाही. पेपर फोडणाऱ्या, उत्तरे पुरवणाऱ्या आणि त्याचा धंदा करणाऱ्या टोळ्यांवर तो आहे. शालेय मंडळांच्या परीक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत, पण त्याची दिशा योग्य आहे.

रुमानिया आणि इंडोनेशिया या दोन देशांचे अनुभव शेजारी ठेवले की फरक कशाने पडतो ते कळते. रुमानियात शालान्त परीक्षेच्या वर्गांत २०११ पासून कॅमेरे बसले. उत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले, आणि अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासल्यावर दिसले की सर्वाधिक फटका गरीब मुलांना बसला. ज्यांना शिकवणी परवडत होती ती मुले कॅमेऱ्यासमोरही तरली. इंडोनेशियाने राष्ट्रीय परीक्षा टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली आणि प्रश्न मोठ्या प्रश्नपेढीतून निवडले. त्यामुळे प्रश्नपत्रिका आधी मिळवून उत्तरसूची वाटणे अवघड झाले. ज्या शाळांत पूर्वी कॉपी चालत असे त्यांचे गुण पहिल्या वर्षी जोरात खाली आले, पण दोनेक वर्षांत बऱ्यापैकी सावरले. उत्तरसूची मिळणार नाही हे पक्के झाल्यावर शाळा आणि मुले अभ्यासाकडे वळली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. रुमानियात मुलावरची नजर वाढवली गेली, इंडोनेशियात परीक्षेची रचनाच बदलली. हाच फरक शाळेच्या पातळीवर प्रश्नपत्रिका काढतानाही उपयोगी पडतो.

चिठ्ठीवर काय मावते? व्याख्या, सूत्र, पाच ओळींची टीप, निबंधाची ठरावीक सुरुवात. ‘भिंगाची शक्ती म्हणजे काय?’ हा दहावीच्या विज्ञानातला प्रश्न चिठ्ठीसाठीच जन्मला आहे. त्याचे उत्तर सर्वांचे सारखेच असणार, ते गाईडमध्ये छापलेले आहे आणि ते लिहायला समज लागत नाही. तोच धडा असा विचारता येतो: ‘एका निकटदृष्टिता असलेल्या मुलाच्या चष्म्याच्या भिंगाची शक्ती −०.५ डायॉप्टर आहे. तो चष्मा घरी विसरला आणि फळ्यापासून ३ मीटरवर बसला. फळा त्याला स्पष्ट दिसेल का? कारण लिहा.’ शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. म्हणजे नाभीय अंतर २ मीटर, आणि चष्म्याशिवाय त्याला स्पष्ट दिसण्याची मर्यादाही साधारण तेवढीच. फळा ३ मीटरवर आहे, म्हणून तो धूसर दिसेल. आता शेजारच्या बाकावरच्या प्रश्नपत्रिकेत फक्त आकडा बदलायचा, −०.५ च्या जागी −०.२५. मर्यादा ४ मीटर होते आणि उत्तर उलटते: फळा स्पष्ट दिसेल. शेजाऱ्याचे उत्तर उतरवणारा मुलगा आपोआप चुकतो, आणि त्याच्या कागदावर २ मीटर हा आकडा कुठून आला हे तपासणाऱ्याला लगेच कळते.

सूत्र पाठ असण्याची अट काढून टाकली, ते प्रश्नपत्रिकेतच छापले, तरी हा प्रश्न तेवढाच कसाचा राहतो. प्रश्न तपासून पाहण्याची ही सोपी युक्ती आहे: पुस्तक उघडे ठेवून सोडवायला दिला तरी ज्याला समजले आहे आणि ज्याला समजलेले नाही त्यांच्यात फरक पडतो का? पडत असेल तर चिठ्ठीची किंमत जवळजवळ शून्य होते. अर्थात सारा पेपर असा काढता येत नाही. व्याकरण, पाढे, मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि नकाशा या गोष्टी लक्षात असाव्याच लागतात. त्या तोंडी किंवा पाच मिनिटांच्या छोट्या चाचणीत विचाराव्यात, तिथे चिठ्ठी काढायला सवडच नसते.

अशा प्रश्नांच्याही मर्यादा आहेत. वेगवेगळे संच सारख्याच काठिण्याचे असावे लागतात. एका संचात आकडे सरळ भागले जाणारे आणि दुसऱ्यात दशांशांचे असले तर तो अन्याय होतो. तपासणाऱ्याला प्रत्येक संचाची आदर्श उत्तरपत्रिका लागते. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेत ‘कारण लिहा’ सारख्या प्रश्नांना सर्व तपासनीसांनी सारखे गुण देणे अवघड असते. आणि पर्यवेक्षकच सामील असेल तर चार संच म्हणजे चारपट काम एवढाच फरक पडतो, अडथळा उभा राहत नाही. केंद्रीय मंडळाने २०१४ पासून नववी आणि अकरावीसाठी मजकूर आधी देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची पद्धत आणली होती. मजकूर काही महिने आधी हातात पडत असल्याने त्यावरची उत्तरेही आधी बसवता येत होती. विश्लेषणाची क्षमता त्यातून वाढत नाही असे म्हणून मंडळाने ती पुढे तीन-चार वर्षांत थांबवली. उघड्या पुस्तकाची परीक्षा घ्यायची तर प्रश्न ताजाच हवा.

कॉपी झाली होती का, हे परीक्षेनंतरही कळू शकते. त्यासाठी बरोबर उत्तरांपेक्षा चुका पाहाव्या लागतात. दोन हुशार मुलांची बरोबर उत्तरे सारखीच असणार, त्यात संशयाला जागा नाही. पण चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत दोन मुले त्याच दहा प्रश्नांत चुकली आणि दहाही ठिकाणी दोघांनी तोच चुकीचा पर्याय निवडला, तर? तीनही चुकीचे पर्याय सारखेच मोहात पाडणारे आहेत असे धरले, तर असे योगायोगाने घडण्याची शक्यता ५९,०४९ मध्ये एक. प्रत्यक्षात एखादा पर्याय अधिक फसवा असतो, त्यामुळे शक्यता याहून वाढते, म्हणून केवळ दोन-तीन सारख्या चुकांवरून कोणाला दोषी धरू नये. अमेरिकेत शिकागो शहराच्या शाळांत ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी याच वाटेने शोध घेतला. साऱ्या वर्गात ओळीने आलेली सारखी उत्तरे, सोपे प्रश्न चुकून अवघड बरोबर आलेली मुले, आणि एका वर्षी उसळून पुढच्या वर्षी कोसळलेले गुण, या खुणा एकत्र पाहून त्यांनी दाखवले की दरवर्षी शंभरातल्या निदान चार-पाच वर्गांत शिक्षकानेच उत्तरे बदललेली किंवा पुरवलेली होती. तिथेही शाळांचे भवितव्य त्याच गुणांवर ठरत होते.

महाराष्ट्रात याच्याशी जवळचा संबंध अंतर्गत गुणांचा आहे. भाषा आणि समाजशास्त्रात शाळेने द्यायचे २० गुण २०१९ च्या दहावीसाठी काढून घेण्यात आले. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ चा ७७.१० टक्के लागला. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्याच वर्षी बदलले होते, त्यामुळे सारी घसरण या २० गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण हिशेब बोलका आहे. शाळेने २० पैकी २० दिले की शंभरात ३५ गाठायला लेखी परीक्षेत ८० पैकी १५ पुरतात. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. तोंडी परीक्षा आणि प्रकल्प मुळात चांगले, पाठांतराबाहेरचे कौशल्य पाहणारे. सर्वांना सरसकट पैकीच्या पैकी वाटले गेले की मात्र ते मूल्यमापन राहत नाही. त्यावर उपाय गुण काढून टाकणे हा नाही. दहा टक्के मुलांची तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने पुन्हा घ्यावी आणि दोन्ही गुण शेजारी ठेवावेत, एवढी तपासणी पुष्कळ काम करील.

भीती कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक बदल राज्यात आधीच झाला आहे. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि वर्ष वाचू लागले. दुसरी संधी महिन्या-दीड महिन्यावर असेल तर पहिल्या परीक्षेत सारे पणाला लावावे लागत नाही. वर्गातही हेच लागू पडते. सहामाहीच्या एकाच मोठ्या पेपरऐवजी दर पंधरा दिवसांनी दहा गुणांची चाचणी घेतली, त्यातल्या सर्वांत कमी गुणांच्या दोन सोडून दिल्या, तर कॉपी करून मिळणारा फायदा इतका किरकोळ होतो की ती करावीशीच वाटत नाही.

शाळेच्या वातावरणाचा प्रश्न इथे येतो. १९२८ साली अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवण्याची संधी देऊन पाहिली. मुले ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी दोन गटांत विभागलेली त्यांना आढळली नाहीत. एका प्रसंगी फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगी सरळ वागत होते, आणि एका वर्गातली मुले एकमेकांसारखी वागत होती. पुढे डोनाल्ड मॅकेब यांनी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे केलेल्या पाहण्यांतही तेच दिसले. पकडले जाण्याची धास्ती किंवा शिक्षेची कडक भाषा यांपेक्षा ‘बरोबरीचे काय करतात आणि त्यांना काय खपते’ याचा प्रभाव अधिक होता. केवळ शपथ वदवून घेण्याने हे बदलत नाही. अर्ज भरण्याआधी प्रामाणिकपणाच्या वाक्याखाली सही घेतली की लोक कमी खोटे लिहितात, असे सांगणारा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट निघाली.

बदलते ते रोजच्या छोट्या गोष्टींनी. शिक्षण अधिकारी वर्ग तपासायला आले की बाईंनी हळूच ओठ हलवून उत्तर सुचवायचे, हे ज्या वर्गात तिसरीपासून चालते तिथे दहावीतली कॉपी मुलाला नवी वाटत नाही. तपासलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बंद न ठेवता परत दिल्या, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवून आणला तर निम्मे गुण वाढवले, आणि कोऱ्या कागदाबद्दल मुलाला वर्गात उभे करून लाजवले नाही, तर ‘मला येत नाही’ हे सांगण्याची सोय होते. चिठ्ठी बहुधा हे वाक्य टाळण्यासाठीच लिहिलेली असते.

खरोखर कॉपी थांबवलेल्या शाळेचा निकाल पहिल्या वर्षी जवळजवळ नक्की घसरतो, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच सोडून दिले जातात. म्हणून तयारी परीक्षेआधीच करावी लागते. नववीच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचे वाचन आणि भागाकार तपासून मागे राहिलेल्यांचा वेगळा तास लावायचा. पालकांना निकाल पडण्याची शक्यता मार्चआधीच सांगायची. संस्थाचालकांनी त्या वर्षीच्या टक्केवारीवरून मुख्याध्यापकाला जाब विचारायचा नाही. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जुलैच्या परीक्षेचे वर्ग सुरू करायचे. दोन-तीन वर्षांनी पाहायचे ते शाळेचा एकूण निकाल नव्हे, तर नेमके पस्तीस गुण मिळवणाऱ्यांची संख्या, लेखी आणि तोंडी गुणांमधले अंतर, आणि या शाळेतून अकरावीला गेलेल्या मुलांचे तिथल्या पहिल्या चाचणीतले गुण.